कॅलिब्रेशन झालं तरी मॉनिटरचा कोपरा पिवळट: फोटोच्या कामात काय करावं?

मीनल_फोटो

नमस्कार मंडळी. माझं काम साड्यांच्या कॅटलॉग फोटोंचं. फिकट करडा पडदा, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश, आणि पडद्याचा रंग सगळ्या फोटोंत एकसारखा यायला हवा ही दुकानदारांची पहिली अट.

मॉनिटर २७ इंची आयपीएस पॅनेलचा आहे, कडेला एलईडी असलेला. स्क्रीनचा रंग मोजणाऱ्या कलरिमीटरने पांढरा डी६५, उजळपणा १२० निट्स, गॅमा २.२ ला कॅलिब्रेट केलाय. मध्यभागी करडा करडाच दिसतो, पण डावीकडे खाली वीतभर भाग पिवळट आणि थोडा मंद आहे. पुन्हा कॅलिब्रेट केलं, तरी तसाच.

मेनूत सगळ्या स्क्रीनवर उजळपणा आणि रंग एकसारखा करणारा Uniformity Compensation नावाचा पर्याय आहे, सध्या बंद. चालू केला की अख्खा स्क्रीन मंद होतो म्हणून ठेवला नाही. तो वापरावा का? की मॉनिटर बदलून मागावा? आणि तोवर या स्क्रीनवर काम करताना विश्वास कशावर ठेवायचा?

विक्रम_सातारा

मॉनिटर सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या, मगच मोजा. थंड बॅकलाइटवर केलेलं कॅलिब्रेशन वाया जातं.

दुसरं म्हणजे, कलरिमीटर मधोमध लावून तुम्ही फक्त मधला भाग दुरुस्त केलाय. तोच त्या कोपऱ्यात लावून प्रोफाइल बनवा. किंवा मध्य आणि कोपरा दोन्हीकडे मोजून सरासरीचं प्रोफाइल करा, म्हणजे चूक दोन्हीकडे अर्धी अर्धी वाटली जाईल.

अंधारखोली

तापू देण्याचं बरोबर आहे. प्रोफाइलचा उपाय मात्र चालणार नाही, आणि का ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

प्रोफाइलला आणि ग्राफिक्स कार्डातल्या दुरुस्तीला पिक्सेल स्क्रीनवर कुठे आहे हे माहीतच नसतं. २०० चा करडा आला की त्याचं काय करायचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं, आणि तीच दुरुस्ती अख्ख्या स्क्रीनला लागते. कोपऱ्यात मोजून प्रोफाइल केलंत तर तो कोपरा तटस्थ होईल आणि मधला भाग निळसर. सरासरीने दोन्ही जागा थोड्या थोड्या चुकतील आणि जिथे तुम्ही रंग ठरवता तो मधला भाग विनाकारण बिघडेल. मोजायचं ते मध्यभागीच.

मीनलताई, काही बदलण्याआधी दोष नक्की कुठला ते ठरवा. तीन शक्यता आहेत.

पहिली, दोष फाइलमध्येच असेल. फोटोशॉपमध्ये फोटो मोठा करा आणि स्पेस बार दाबून सरकवा. पिवळा भाग फोटोबरोबर सरकला तर तो फाइलमधला आहे: पडद्यावरचा प्रकाश, भिंतीवरून परतलेला रंग किंवा लेन्सच्या कडेचा रंगदोष. स्क्रीनच्या त्याच जागी राहिला तर मॉनिटरचा. शिवाय इन्फो पॅनेलमध्ये पडद्यावर पाच-सहा जागी आकडे बघा. कोपऱ्यात आर, जी, बी मध्याइतकेच सारखे असतील तर फाइल ठीक आहे.

दुसरी शक्यता बघण्याच्या कोनाची. २७ इंची स्क्रीनचा कोपरा मध्यापासून साधारण ३४ सेंमी लांब असतो. ५० सेंमीवर बसलात तर तो कोपरा तुम्हाला सुमारे ३४ अंशांनी तिरका दिसतो, ७० सेंमीवर २६ अंशांनी. आयपीएसमध्येही एवढ्या तिरकेपणाने रंग किंचित हलतो. डोकं त्या कोपऱ्याच्या बरोबर समोर न्या. पिवळेपणा गेला तर तो कोनाचा होता, आणि त्याला मॉनिटरचं कॉम्पेन्सेशन काहीही करू शकत नाही, कारण कारखान्यातलं मोजमाप सरळ समोरून केलेलं असतं. त्यावर उपाय खुर्ची मागे घेण्याचा.

समोर जाऊनही पिवळाच राहिला तर दोष पॅनेलचा आणि बॅकलाइटचा. कडेच्या एलईडीचा प्रकाश एका जाड पारदर्शक पत्र्यातून पसरत जातो. त्या प्रवासात निळा भाग थोडा जास्त शोषला जातो. म्हणून एलईडीपासून लांबचे भाग बहुतेक वेळा मंद आणि पिवळट असतात.

आकाशवेडा

अगदी माझाच त्रास! आकाशगंगेचे फोटो करताना खालचे दोन्ही कोपरे पांढुरके चमकतात, काळं आकाश राखाडी होऊन जातं. मागचे स्क्रू किंचित सैल केले तर एका कोपऱ्यातली चमक थोडी कमी झाली. ताईंनीही करून बघावं.

अंधारखोली

तुमचा प्रश्न वेगळा आहे. काळ्या चित्रावर दिसणारी चमक म्हणजे फटीतून किंवा पॅनेलवरच्या दाबामुळे झिरपणारा प्रकाश, नाहीतर आयपीएसची तिरकी चमक. डोकं हलवल्यावर कमी-जास्त झाली तर दुसरी. ताईंचा दोष फिकट करड्यावर दिसतोय, तिथे झिरपलेल्या प्रकाशाचा वाटा नगण्य असतो. स्क्रू सैल करायला मॉनिटर उघडावा लागला तर वॉरंटीचा प्रश्न येईल, आणि पॅनेलवर वाकडा दाब पडून नवीन डाग उमटू शकतात. ताई, हे करू नका.

कोथरूडकर

डोळ्याने ठरवण्यापेक्षा मोजून बघा, पाऊण तासाचं काम आहे. डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर असेल तर टूल्सच्या मेनूत युनिफॉर्मिटी मोजण्याचा रिपोर्ट आहे. स्क्रीनचे चौकोन पाडून तो एकेका चौकोनात कलरिमीटर ठेवायला सांगतो आणि शेवटी रंगीत तक्ता देतो.

नुसतं आर्गिल, म्हणजे कमांड देऊन चालणारं मोजमापाचं सॉफ्टवेअर, असलं तरी चालेल. शुद्ध पांढरी प्रतिमा पूर्ण स्क्रीनवर लावा, टर्मिनल दुसऱ्या स्क्रीनवर ठेवा किंवा लहान करून मोजत नसलेल्या बाजूला सरकवा, आणि:

```
spotread -e -x -T
```

यात Y म्हणजे निट्समधला उजळपणा, x आणि y म्हणजे रंग, आणि सोबत पांढऱ्याचं रंगतापमान केल्व्हिनमध्ये मिळतं. नऊ जागा पुरेत: तीन आडव्या ओळी, तीन उभ्या रांगा, कडेपासून चार-पाच सेंमी आत. सुरुवात मध्यापासून करा आणि सगळं झाल्यावर मध्य पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर बॅकलाइट अजून स्थिर झालेला नाही, सगळं मोजमाप परत.

खोलीत अंधार हवा. कलरिमीटर सपाट टेकवा, पण दाबू नका. स्क्रीन किंचित मागे झुकवला की तो स्वतःच्या वजनाने बसतो. नाइट लाइट आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद आहेत ना तेही बघा, कारण रात्री आठला आपोआप लागणारा पिवळा फिल्टर सगळं मोजमाप फुकट घालवतो.

मीनल_फोटो

सगळं केलं. फोटो सरकवला तर पिवळा भाग जागेवरच राहतो. इन्फोत कोपऱ्यातही २०१, २०१, २००. डोकं समोर नेल्यावर थोडा कमी वाटतो, पण जात नाही.

पूर्ण पांढऱ्यावरचे आकडे, कॉम्पेन्सेशन बंद:

मध्य: १२० निट्स, x ०.३१२७, y ०.३२९०, सुमारे ६५०० केल्व्हिन.
डावा खालचा: १०६ निट्स, x ०.३२१०, y ०.३३६०, सुमारे ६०४० केल्व्हिन.
बाकी सात जागा ११२ ते १२१ च्या आत, आणि रंगही मध्याच्या जवळ.

शेवटी मध्य पुन्हा मोजला तर ११९.६ आला. मध्यात काळा ०.१२ निट्स.

अंधारखोली

छान, आता बोलायला ठोस आकडे आहेत.

१२० चे १०६ म्हणजे १२ टक्के उतार. याची मुळीच काळजी करू नका. वीतभर अंतरात हळूहळू होणारी एवढी मंदी डोळा जवळजवळ बघतच नाही. त्रास आहे तो रंगाचा. उजळपणाचा फरक बाजूला ठेवून Lab या रंगमापनाच्या पद्धतीत हिशोब केला तर निळा-पिवळा दाखवणाऱ्या b ची किंमत मध्यापेक्षा चारहून थोडी जास्त येते. तटस्थ करड्यावर चारचा पिवळेपणा सहज जाणवतो. साडीच्या रंगावर जाणवणार नाही, पडद्यावर जाणवणारच.

आता कॉम्पेन्सेशन चालू केल्यावर स्क्रीन मंद का होतो ते. एलसीडीला एखाद्या जागी प्रकाश वाढवता येत नाही, फक्त अडवता येतो. त्यामुळे कोपऱ्याचा पिवळेपणा निळा वाढवून जात नाही, लाल आणि हिरवा कापूनच जातो. तुमच्या आकड्यांवरून कोपऱ्यात उरलेला निळा मध्याच्या साधारण ८३ टक्के निघतो. म्हणजे तिथला पांढरा डी६५ करायचा तर सगळंच ८३ टक्क्यांवर आणावं लागेल: १२० चे ९९ निट्स. आणि मग बाकीचा स्क्रीनही ९९ वर उतरवावा लागेल. उजळपणात कोपरा फक्त १२ टक्के मागे होता, पण रंगामुळे किंमत १७ टक्क्यांची झाली. नेहमी सगळ्यात कमजोर रंगच मर्यादा ठरवतो.

हा उजळपणा बॅकलाइट वाढवून परत मिळतो. ९९ चे पुन्हा १२० करायला बॅकलाइट सुमारे २१ टक्के वर न्यावा लागेल. काळ्यातून झिरपणारा प्रकाशही तेवढाच वाढेल, ०.१२ चा ०.१४५ होईल, आणि कॉन्ट्रास्ट १०००:१ वरून साधारण ८३०:१ वर येईल. एवढीच किंमत आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी कॉम्पेन्सेशन चालू करा, मग मॉनिटर तापू द्या, मग मेनूतून ब्राइटनेस वाढवून मध्यात १२० आणा, आणि त्यानंतर नव्याने कॅलिब्रेट करून नवीन प्रोफाइल बनवा. जुनं प्रोफाइल आता लागू नाही, कारण काळा आणि प्रत्येक रंगाची चढण दोन्ही बदललं. कधी चालू कधी बंद ठेवणार असाल तर दोन वेगळी प्रोफाइलं ठेवावी लागतील, आणि चुकीचं लागलं की गोंधळ. एकच अवस्था निवडा.

काही मॉनिटरांत हा पर्याय चालू केला की ब्राइटनेसची पट्टीच बंद पडते, काहींत तो ठरावीक पिक्चर मोडमध्येच चालतो. ईझोच्या कलरएज मालिकेत आणि एनईसीच्या पीए मालिकेत अशी दुरुस्ती ब्राइटनेस बदलूनही काम करते. तुमच्या मॉनिटरवर पट्टी हलते का ते आधी तपासा.

विक्रम_सातारा

पण १०००:१ चे पैसे मोजून ८३० वर काम करायचं? त्यापेक्षा सोपा उपाय सांगतो. फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर एक कर्व्ह लेयर टाका, निळा किंचित वर, आणि मास्कमध्ये त्या कोपऱ्याएवढाच ग्रेडियंट. काम करताना चालू, सेव्ह करताना बंद.

जुना_छापखाना

विक्रमभाऊ, असं करू नका. लेयर फोटोला चिकटलेला असतो, स्क्रीनला नव्हे. झूम केलं, सरकवलं की तुमचा निळा ग्रेडियंट पिवळ्या कोपऱ्यावरून निघून जातो. आणि पन्नास फोटोंच्या घाईत एकदा जरी लेयर बंद करायचा राहिला तर निळ्या कोपऱ्याचा फोटो छापायला जातो. खरं म्हणजे असल्या मॉनिटरमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे: स्क्रीनचा पिवळेपणा बघून माणूस फाइल दुरुस्त करतो. कॅटलॉगमध्ये सगळ्या फोटोंचा डावा खालचा कोपरा किंचित निळा दिसला की समजावं, दोष रिटच करणाऱ्याच्या स्क्रीनवर होता.

कॉन्ट्रास्टबद्दल. कॅटलॉग छापायचा असेल तर ८३० ला घाबरायचं कारण नाही. मॅट कागदावरची सर्वात गडद काळी घनता १.६ च्या आसपास, म्हणजे कागदाच्या पांढऱ्याशी प्रमाण जेमतेम ४०:१. चकचकीत फोटो पेपर २.३ पर्यंत गेला तर २००:१ च्या घरात. छपाईचा काळा जिथे संपतो त्याच्या कितीतरी पुढे तुमचा स्क्रीन जातो आहे.

मीनलताई, कामाची पद्धत अशी ठेवा. रंगाचा निर्णय नेहमी मधल्या भागात. लाइटरूममधली पॅनेल्स डाव्या बाजूला उघडी ठेवा, म्हणजे पिवळा कोपरा पॅनेलखालीच जातो आणि फोटो आपोआप मध्याकडे सरकतो. पडदा तटस्थ आहे का हे डोळ्याने ठरवू नका, आकड्यांनी ठरवा. पडद्यावर आर, जी, बी मधला फरक दोन-तीनच्या आत असेल तर हात लावू नका. कोपऱ्यातलं काही खटकलंच तर फोटो सरकवून तो भाग मध्यात आणा आणि मग बघा. हे हाताला बसलं की कॉम्पेन्सेशन नसलेल्या मॉनिटरवरही काम बिनचूक होतं.

आकाशवेडा

छपाईसाठी मान्य. पण माझ्यासारख्याने काय करायचं? माझे फोटो स्क्रीनवरच बघितले जातात आणि बराचसा भाग काळ्याजवळचा. कॉम्पेन्सेशन चालू केलं तर काळा वर आला आणि कोपऱ्यातली चमक आणखी उठून दिसली.

अंधारखोली

तुम्ही बंदच ठेवा. दुरुस्ती पिक्सेलची किंमत कापूनच होते, आणि शून्याच्या खाली कापायला काही नसतं. त्यामुळे झिरपणारा प्रकाश कॉम्पेन्सेशनने कधीच जात नाही. उलट बॅकलाइट वाढवल्यामुळे तोही वाढतो. तुम्हाला बॅकलाइट शक्य तितका खाली ठेवणं आणि जरा लांब बसणं जास्त उपयोगी पडेल. स्क्रीनच्या मागच्या भिंतीवर मंद तटस्थ दिवा लावलात तर काळ्याजवळची चमक डोळ्याला बरीच कमी जाणवेल.

मीनल_फोटो

चालू केलं, पट्टी हलते आहे. आधीच्याच ब्राइटनेसला मध्य ९८ वर आला, म्हणजे तुमच्या हिशोबाच्या अगदी जवळ. मग वाढवून १२० केला, नवीन प्रोफाइल केलं. काळा ०.१५, म्हणजे कॉन्ट्रास्ट ८००.

पांढऱ्यावर डावा खालचा आता ११७ निट्स, x ०.३१४०, y ०.३३००, सुमारे ६४३० केल्व्हिन. पडद्याचा करडा आता डोळ्याला सलग दिसतो.

पण ६४ च्या गडद करड्यावर तोच कोपरा अजून पिवळट आहे, x ०.३१८५, y ०.३३३५. तीनदा मोजलं, तेवढंच येतं. असं का?

कोथरूडकर

त्या पातळीला स्क्रीनवर पाच-सहा निट्सच असतात. एवढ्या कमी उजेडात कलरिमीटरचा स्वतःचा डळमळीतपणाही आकड्यांत मिसळतो. मध्याचाही ६४ वरचा आकडा घ्या आणि फरक त्याच्याशी करा, पांढऱ्याशी नको.

अंधारखोली

तीनदा सारखं आलं असेल तर नुसता डळमळीतपणा नसावा. माझ्या मते मॉनिटरमधला दुरुस्तीचा नकाशा उजळ पातळ्यांवर केलेला असतो आणि गडद पातळ्यांवर तोच गुणाकार लावला जातो. पॅनेलची चढण प्रत्येक जागी तंतोतंत सारखी नसते, म्हणून खाली थोडं उरतं. तुमच्या फिकट पडद्याला याचा उपद्रव नाही. काळी किंवा गडद जांभळी साडी कोपऱ्यात आली तर फोटो सरकवून बघा.

विक्रम_सातारा

म्हणजे बदलून मागायचा की नाही? निम्मा दोष उरलाच आहे.

जुना_छापखाना

मी मागणार नाही. नवीन येईल त्याचा दुसराच कोपरा गुलाबी असू शकतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो, आणि एका कोपऱ्यातला रंगाचा फरक बहुतेक वॉरंट्यांत दोष म्हणून धरलाच जात नाही. परतीची मुदत चालू असेल आणि दुकानदार नग लावून दाखवत असेल तरच विचार करा, आणि तिथे फिकट करड्या रंगाची पूर्ण स्क्रीन प्रतिमा पेनड्राइव्हवर घेऊन जा.

अंधारखोली

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. कॉम्पेन्सेशन बंद असताना b मध्ये चारचा फरक असलेला नग नवाकोरा असेल तर मी मुदतीत परत करीन. बॅकलाइट जुना होत जातो तसा त्याचा उतारही बदलतो, पण कारखान्यातला नकाशा तसाच राहतो. आज नकाशा चारची भरपाई करतो आहे. तीन वर्षांनी कोपरा कुठे गेलेला असेल ते सांगता येत नाही. ताई, मॉनिटर किती जुना आहे?

मीनल_फोटो

दीड वर्ष झालं, परतीची मुदत केव्हाच संपली. मग हाच ठेवते. आजचे नऊ जागांचे आकडे जपून ठेवले आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा मोजून इथेच टाकीन. कुणाकडे दोन-तीन वर्षं कॉम्पेन्सेशन चालू ठेवलेल्या मॉनिटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे असतील तर जरूर द्या.